पैसे कापले जातायत, पण सबस्क्रिप्शन कोणत्या ईमेलवर आहे तेच सापडत नाही?

मागच्या व्हिडिओत मी दुकानाच्या महिन्याच्या बारीक खर्चांवर बोललो होतो. त्याखाली सगळ्यात जास्त प्रश्न एकाच गोष्टीचे आले. "सर, दर महिन्याला गुगल प्लेचे पैसे कापले जातात, पण प्ले स्टोअरमध्ये बघितलं तर सबस्क्रिप्शनच दिसत नाही." काहींनी तर सरळ बँकेत जाऊन फसवणुकीची तक्रार द्यायची तयारी केली होती. थांबा, तसं करू नका. बहुतेक वेळा ही फसवणूक नसते. सबस्क्रिप्शन तुमच्या घरातल्याच कुणाच्या तरी जीमेलवर असतं आणि तुम्ही दुसऱ्या जीमेलवर शोधत असता.

आमच्या बॅचमधल्या एका ताईंचं उदाहरण सांगतो. घरगुती मसाले आणि फराळाचा त्यांचा व्यवसाय आहे. धंद्याचा फोन एकच, आणि त्यात तीन जीमेल: एक ताईंचं, एक त्यांच्या मिस्टरांचं, एक मुलाचं, ऑनलाइन क्लाससाठी टाकलेलं. आपल्याकडे निम्म्या घरांत हीच परिस्थिती असते. माझ्या स्वतःच्या दुकानाच्या फोनमध्ये एकेकाळी पाच होते, त्यातलं एक तर काम सोडून गेलेल्या मुलाचं. गणपतीच्या दिवसांत मोदकांच्या ऑर्डरी वाढल्या म्हणून ताईंनी बिल बनवायचं एक ॲप घेतलं, महिना २९९ रुपयांचं. दिवाळी झाली आणि त्यांनी ते ॲप काढून टाकलं, कारण हाताने बिल लिहिणं त्यांना सोपं वाटत होतं. फेब्रुवारीत पासबुक भरून आणलं तेव्हा कळलं, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, तिन्ही महिन्यांत २९९ कापले गेलेत. म्हणजे ८९७ रुपये, न वापरलेल्या ॲपचे.

इथे पहिली गोष्ट लक्षात घ्या. फोनमधून ॲप काढलं म्हणून सबस्क्रिप्शन बंद होत नाही. सबस्क्रिप्शन फोनला चिकटलेलं नसतं, ॲपलाही नसतं. ज्या गुगल खात्यावरून ते विकत घेतलं, त्या खात्याला ते चिकटलेलं असतं. आणि ॲपमध्ये तुम्ही ज्या मोबाईल नंबरने किंवा ईमेलने लॉगिन करता, त्याचा याच्याशी संबंध असेलच असं नाही. ताईंचं लॉगिन त्यांच्या मोबाईल नंबरवर होतं. त्यामुळे त्यांना वाटलं, खरेदीही आपल्याच नावावर असणार.

मग आम्ही शोधायला बसलो. प्ले स्टोअर उघडा, वर उजव्या कोपऱ्यात तुमचा फोटो किंवा नावाचं पहिलं अक्षर असलेला गोल आहे, त्यावर दाबा. तिथे "Payments & subscriptions" आणि त्यात "Subscriptions". इथपर्यंत सगळे जण येतात. पण ही यादी फक्त त्या क्षणी निवडलेल्या खात्याची असते, फोनमधल्या सगळ्या खात्यांची मिळून नसते. म्हणून परत मागे या, त्याच गोलावर दाबा, नावाशेजारी खाली तोंड केलेला बाण दिसेल. त्यावर दाबलं की फोनमधली बाकीची खाती दिसतात. एकेक खातं निवडायचं आणि दर वेळी पुन्हा "Subscriptions" बघायचं. ताईंच्या फोनवर तिन्ही खाती बघून झाली. ताईंचं रिकामं, मिस्टरांचं रिकामं, मुलाच्या खात्यात एका गेमचं जुनं संपलेलं सबस्क्रिप्शन, बस. (त्या गेमबद्दल घरात वेगळी चर्चा झाली, ती सोडून देऊ.)

ताई म्हणाल्या, "बघा सर, म्हणजे बँकच चुकीचे पैसे कापतेय." मी म्हटलं, ताई, पैसे कुणाच्या खात्यातून जातायत? तर मिस्टरांच्या, यूपीआयवरून. मग मिस्टरांनीच घेतलं असणार? ते म्हणाले, मी तर त्या ॲपचं तोंडही बघितलं नाही.

इथेच बहुतेक लोक फसतात. पैसे कुणाच्या बँकेतून गेले यावरून गुगल खातं कोणतं ते कळत नाही. एकच कार्ड किंवा एकच यूपीआय आयडी चार वेगवेगळ्या जीमेलवर जोडता येतो. बँकेच्या नोंदीत गुगलचं नाव येतं, फार तर ॲपचं येतं, पण जीमेल येत नाही. म्हणजे पासबुक आपल्याला "किती" आणि "कधी" सांगतं, "कोण" ते सांगत नाही.

पण "कधी" हीसुद्धा मोठी खूण आहे. मिस्टरांच्या फोनवर यूपीआय ॲप उघडलं आणि त्यातला ऑटोपेचा भाग बघितला. काही ॲपमध्ये त्याला मँडेट म्हणतात. दर महिन्याला आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानग्या तिथे दिसतात. गुगल प्लेची एक परवानगी चालू होती, आणि सुरुवातीची तारीख होती २८ ऑगस्ट. आता मी वेगळा प्रश्न विचारला. या तारखेला फोन कुणाच्या हातात होता? ताई दोन मिनिटं गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, तेव्हा गणपतीला आमचा भाचा आला होता. त्यानेच फोन नीट लावून दिला."

मग सगळं उलगडलं. भाच्याने फोन सेट करताना काम लवकर व्हावं म्हणून स्वतःचं जीमेल त्यात टाकलं आणि त्यावरूनच ॲप उतरवलं. एका फोनमध्ये अनेक खाती असतील तर ॲपमधली खरेदी साधारणपणे ज्या खात्यावरून ॲप उतरवलं त्याच खात्यावर होते. पैसे भरताना त्याने मामांचा यूपीआय आयडी टाकला, मामांच्या फोनवर विनंती आली, मामांनी भाचा सांगतोय म्हणून पिन टाकला. चार दिवसांनी जाताना भाच्याने प्रामाणिकपणे स्वतःचं खातं फोनमधून काढून टाकलं. खातं फोनमधून गेलं, पण सबस्क्रिप्शन त्या खात्यावर चालूच राहिलं. म्हणून ताईंच्या फोनवर कितीही शोधलं असतं तरी ते सापडणार नव्हतं.

भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामी, माझ्या प्ले स्टोअरमध्ये तर काहीच नाहीये." कारण त्याचीही दोन जीमेल होती, एक नोकरीच्या अर्जांसाठी नवीन आणि एक कॉलेजच्या वेळचं. त्याला म्हटलं, दोन्ही इनबॉक्समध्ये हे टाकून शोध:

```
from:googleplay-noreply@google.com
```

प्ले स्टोअरवरच्या प्रत्येक खरेदीची पावती याच पत्त्यावरून येते आणि ज्या खात्यावरून खरेदी झाली त्याच जीमेलवर येते. हा सगळ्यात पक्का पुरावा. कॉलेजच्या जीमेलमध्ये सहा पावत्या पडल्या होत्या, सगळ्या न उघडलेल्या. पावतीत GPA ने सुरू होणारा ऑर्डर नंबर असतो. पहिल्या पावतीवर साधा नंबर होता, पुढच्या महिन्यांत त्याच नंबरच्या शेवटी ..0, मग ..1, असं वाढत जानेवारीच्या पावतीवर ..4 आलं होतं. म्हणजे पहिलं पेमेंट आणि नंतरची पाच नूतनीकरणं, एकूण सहा वेळा २९९. पासबुकातल्या सहा नोंदींशी जुळलं, तेव्हा खात्री झाली की हेच ते, दुसरं कुठलं नाही.

बंद करायला ताईंचा फोन लागलाच नाही. भाच्याने त्याच्या ब्राउझरमध्ये ते जुनं जीमेल निवडून हे पान उघडलं:

```
play.google.com/store/account/subscriptions
```

तिथे ॲपचं नाव होतं, त्यावरून रद्द केलं. रद्द केल्यावर लगेच सगळं गायब होत नाही. भरलेला महिना संपेपर्यंत सेवा चालू राहते, पुढचे पैसे मात्र कापले जात नाहीत. त्यामुळे "रद्द केलं तरी दिसतंय" म्हणून घाबरू नका, शेजारी कोणती तारीख लिहिलीय ते वाचा.

तुम्ही विचाराल, यूपीआय ॲपमधली परवानगीच रद्द केली असती तर? पैसे थांबले असते. पुढची तारीख उद्या-परवावर आली असेल आणि खातं सापडत नसेल तर तेच करा. पैसे कापायच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, त्यामुळे तेवढा वेळ मिळतो. पण प्ले स्टोअरच्या हिशेबाने सबस्क्रिप्शन तुम्ही रद्द केलेलं नसतं, फक्त पैसे भरले गेलेले नसतात. ते काही दिवस पुन्हा पैसे मागत राहतं. त्यातच कुणी त्या खात्यावर दुसरी पेमेंट पद्धत जोडली की गाडी परत सुरू होऊ शकते. म्हणून खातं सापडलं की तिथून नीट रद्द कराच.

गेलेल्या ८९७ रुपयांचं काय? खरेदीनंतर ४८ तासांच्या आत असाल तर गुगल प्लेकडेच परतावा मागता येतो. त्यानंतर साधारणपणे ॲप बनवणाऱ्याकडे जावं लागतं आणि द्यायचं की नाही हे त्यांच्या हातात असतं. ताईंनी GPA चे नंबर देऊन, ॲप नोव्हेंबरपासून वापरलेलंच नाही असं लिहून ईमेल केला. तोही भाच्याच्याच जीमेलवरून, कारण ग्राहक म्हणून त्यांच्याकडे तेच नोंदलेलं. जानेवारीचे २९९ परत आले, बाकीचे नाही.

काही जणांना घरातलं कोणतंच जीमेल आठवत नाही, अशीही केस येते. गुगलच्या लॉगिन पानावर "Forgot email?" आहे. तिथे मोबाईल नंबर आणि खात्यावरचं नाव टाकलं, नंबरवर आलेला कोड दिला की त्या नंबरला जोडलेली खाती दिसतात. नाव मात्र खातं उघडताना जसं टाकलं होतं तसंच लागतं. आणि कुठल्याच जीमेलवर पावती नसेल, बँकेच्या नोंदीतही गुगलचं नाव नसेल, तर ते पैसे बहुधा प्ले स्टोअरवरून गेलेले नाहीत. तुम्ही थेट त्या ॲपच्या वेबसाईटवर भरलेले असू शकतात. तसं असेल तर रद्दही तिथेच करायचं.

आयफोनवाल्यांनी सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर स्वतःच्या नावावर दाबून "Subscriptions" बघा. तिथेही दोन ॲपल खाती असू शकतात. त्याच पानावरच्या "Media & Purchases" मध्ये कोणतं खातं लावलंय ते बघायला विसरू नका.

पुढच्या वेळी काय करायचं? पैसे भरताना प्ले स्टोअरची जी चौकट खालून वर येते, तिच्यात ईमेल लिहिलेला असतो. आपण फक्त रक्कम बघतो आणि पिन टाकतो. तो ईमेल वाचा, धंद्याचा नसेल तर मागे या, खातं बदला आणि मग भरा. ताईंनी आता धंद्यासाठी एक वेगळं जीमेल केलंय. उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी रकाने आखलेत: ॲप, जीमेल, रक्कम, तारीख, यूपीआय कुणाचा. सध्या त्यात दोनच ओळी आहेत, आणि दुसऱ्या ओळीतल्या ॲपसमोर पेन्सिलने लिहिलंय, "दिवाळीनंतर बंद करणे".