‘पो-पो-पो’ म्हणजे नेमकं कोणतं गाणं?

टीव्हीवर युरोपातला फुटबॉलचा सामना चालू असतो. गोल होतो आणि अख्खं स्टेडियम एका सुरात ‘पो पो पो’ किंवा नुसतंच ‘ओ ओ ओ’ गाऊ लागतं. चाल ओळखीची वाटते, आपणही गुणगुणू लागतो, पण नाव काही केल्या आठवत नाही. गाणं ओळखणारं ॲप मोबाइलवर लावावं, तर तेही हात वर करतं.

ॲपचा त्यात दोष नाही. शझामसारखं ॲप चाल ओळखतच नाही, ते ध्वनिमुद्रण ओळखतं. आलेल्या आवाजात कोणत्या क्षणी कोणती कंपनसंख्या ठळक आहे याचे ठिपके ते टिपतं आणि ठिपक्यांची तीच नक्षी साठवलेल्या लाखो मुद्रणांपैकी कशात सापडते ते पाहतं. त्यामुळे हॉटेलच्या गोंगाटात वाजणारी मूळ तबकडी ते सहज पकडतं, पण तेच गाणं त्याच गायकाने मंचावर पुन्हा गायलं तरी बहुधा चुकतं. प्रेक्षकांचं गाणं तर वेगळ्या पट्टीत, वेगळ्या लयीत आणि वाद्यांशिवाय चाललेलं असतं. त्याच्याशी जुळणारी नक्षी साठ्यात कुठून मिळणार?

यातून एक उपयोगी खूणही मिळते. ॲपने लगेच नाव सांगितलं, तर बहुतेक वेळा गाणं प्रेक्षक नव्हे तर स्टेडियमचे लाउडस्पीकर वाजवत असतात. खाली ड्रम किंवा बास ऐकू येत असेल आणि लय जराही हलत नसेल, तर शंकाच नको. ॲप गप्प बसलं, की आपलं काम सुरू होतं.

आधी हे आवाज बिघडतात कसे ते पाहू. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. समोरचा स्टँड १७० मीटरवर असेल, तर तिथलं गाणं आपल्यापर्यंत अर्धा सेकंद उशिरा येतं. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत अर्धा सेकंद म्हणजे पूर्ण एक मात्रा. जवळचे लोक एका सुरावर असताना दूरचे अजून मागच्याच सुरावर असतात. या सरमिसळीत शब्दांतली व्यंजनं पुसली जातात आणि आखूड सूर एकमेकांत मिसळतात. टिकतात ते लांब धरलेले सूर आणि चालीचा चढउतार. गर्दीची पट्टीही स्थिर नसते. उत्साह वाढला की ती वर सरकते, दमले की खाली घसरते. म्हणून ‘पहिला सूर कोणता’ हा प्रश्न इथे निरुपयोगी आहे. विचारायचं ते हे, की पुढचा सूर मागच्यापेक्षा वर गेला, खाली आला की तिथेच राहिला.

मराठी वाचकाकडे यासाठी लागणारं साधन तयारच आहे, ते म्हणजे सरगम. षड्ज कुठेही धरला तरी सरगम बदलत नाही. ‘पो पो पो’वाली चाल सरगमीत लिहिली तर सात सूर होतात: सा, सा, कोमल ग, सा, आणि मग मंद्र सप्तकातले कोमल नी, कोमल ध, प. पेटी असेल तर पांढरी तीनला सा धरा. सातही सूर पांढऱ्या पट्ट्यांवरच येतात: तीन, तीन, पाच, तीन, दोन, एक आणि खालच्या सप्तकातली सात. पहिले पाच सूर चार मात्रांत उरकतात आणि शेवटचे दोन, म्हणजे ध आणि प, प्रत्येकी दोन-दोन मात्रा लांबतात. नंतर पुन्हा पहिल्यापासून.

सरगम येत नसेल तर आणखी सोपा मार्ग आहे. डेनिस पार्सन्स या ब्रिटिश लेखकाने १९७५मध्ये चालींचा एक कोश काढला. त्यात सुरांची नावंच नव्हती. पहिल्या सुरासाठी तारा, सूर वर गेला तर U, खाली आला तर D, तोच राहिला तर R, एवढ्यावर हजारो चाली वर्णक्रमाने लावल्या होत्या. ही पद्धत पार्सन्स कोड म्हणून ओळखली जाते आणि म्युझिपीडियासारख्या संकेतस्थळावर आजही तिने शोध घेता येतो. आपल्या चालीचा कोड असा:

```
*RUDDDD
```

एकदा तोच, एकदा वर, मग चार वेळा खाली.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे चालीची सुरुवात चुकणं. प्रेक्षक चाल गोल गोल फिरवत असतात आणि आपण मध्येच कान देतो. तिसऱ्या सुरापासून मोजलं तर कोड पार वेगळा निघतो आणि शोध भलतीकडे जातो. यावर उपाय म्हणजे लांब सूर शोधणं. मैदानावरच्या चालींत ओळ बहुधा लांब सुरावर संपते, कारण सगळ्यांना तिथेच दम घ्यायचा असतो. त्या लांब सुरांनंतर जो सूर येतो, तो पहिला.

दुसरी अडचण अशी, की सातच सुरांचा कोड इतर चालींशीही जुळू शकतो. म्हणून मिळालेलं उत्तर दोन गोष्टींवर घासून पाहायचं. दुसऱ्या सुरावरून तिसऱ्यावरची उडी सा ते कोमल ग एवढीच आहे का? आणि शेवटचे दोन सूर खरंच लांब आहेत का? दोन्ही जमलं तर ही चाल ‘सेव्हन नेशन आर्मी’ची.

कोडच्या भानगडीत पडायचं नसेल, तर चाल स्वतः गुणगुणावी. गुगलच्या मोबाइल ॲपमध्ये २०२०पासून ही सोय आहे. ती मुद्रण न जुळवता सुरांचा चढउतार जुळवते. मात्र स्टेडियमचा आवाज थेट ऐकवू नये, आपण एकट्याने दहा-पंधरा सेकंद ‘ला ला’ करून ऐकवावं. मैदानावरचे शब्द अजिबात गाऊ नयेत, कारण मूळ गाण्यात ते नसतातच.

‘सेव्हन नेशन आर्मी’ हे अमेरिकेतल्या द व्हाइट स्ट्राइप्स या दोघांच्या बँडचं २००३मधलं गाणं. गंमत म्हणजे मैदानावर गातात तो भाग त्यात कुणी गातच नाही, तो गिटारचा तुकडा आहे. जॅक व्हाइटने गिटारचा सूर पेडल वापरून एक सप्तक खाली उतरवला, म्हणून तो बाससारखा ऐकू येतो. शब्दच नसल्याने कुठल्याही भाषेच्या माणसाला तो पहिल्या ऐकण्यात गाता येतो.

तो मैदानावर आला २००३च्या ऑक्टोबरमध्ये. बेल्जियमच्या क्लब ब्रुजचे पाठीराखे चॅम्पियन्स लीगच्या सामन्यासाठी मिलानला गेले होते. तिथल्या एका बारमध्ये हे गाणं वाजलं आणि त्यांनी ते उचललं. त्या रात्री ब्रुजने एसी मिलानला त्यांच्याच मैदानावर १-० हरवलं आणि चाल घरी गेली. २००६च्या फेब्रुवारीत रोमाचा संघ ब्रुजला खेळायला गेला, तेव्हा इटालियन पाठीराख्यांनी ती तिथे ऐकली. त्याच उन्हाळ्यात इटलीने विश्वचषक जिंकला आणि रस्तोरस्ती ‘पो पो पो’ घुमलं. इटलीत आजही अनेक जण या चालीला त्या तीन अक्षरांनीच ओळखतात.

पण चालीचं नाव कळलं म्हणजे घोषाचं नाव कळलं असं नाही. हीच चाल शेकडो संघांकडे आहे. कोणत्या संघाचा घोष हे शब्दांवरून ठरवावं लागतं आणि शब्द तर पुसले गेलेले असतात. इथे पुन्हा लांब सूर मदतीला येतात. आर्सेनलचे पाठीराखे सँटी काझोर्ला या स्पॅनिश खेळाडूसाठी याच चालीवर घोष करत. पहिल्या दोन सुरांवर लांबवलेला ‘ओ’ आणि उरलेल्या पाच सुरांवर सँ-टी-का-झोर-ला ही पाच अक्षरं. म्हणजे ‘झोर’ आणि ‘ला’ दोन-दोन मात्रा टिकतात. बाकी सगळं धूसर झालं तरी ही दोन अक्षरं ऐकू येतात. त्यांना सामन्याच्या यादीतल्या नावांशी जुळवलं की काम झालं. २०१७मध्ये इंग्लंडमध्ये मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांच्या नावाचा घोष याच साच्यात बसला, कारण जे-रे-मी-कॉर-बिन हीसुद्धा नेमकी पाच अक्षरं. आडनावाची शेवटची दोन अक्षरं लांब सुरांवर पडतात, हा या चालीचा नियमच समजा.

काही गाण्यांत शब्द स्पष्ट ऐकू येऊनही संघ कळत नाही. ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ हे मूळचं १९४५च्या ‘कॅरोसेल’ या अमेरिकन संगीतिकेतलं. जेरी अँड द पेसमेकर्सने १९६३मध्ये गायल्यावर लिव्हरपूलने ते आपलंसं केलं. पण ग्लासगोचा सेल्टिक आणि जर्मनीचा बोरुसिया डॉर्टमुंड यांचे पाठीराखेही तेच गातात, तेही इंग्रजीतच. अशा वेळी कानाचा उपयोग संपतो आणि गळपट्ट्यांचे रंग पाहावे लागतात.

राष्ट्रगीतांत तर चाल अगदी अचूक ओळखूनही उत्तर चुकू शकतं. ब्रिटनच्या आणि चिमुकल्या लिश्टेनश्टाइनच्या राष्ट्रगीताची चाल एकच आहे. २००३मध्ये युरो स्पर्धेच्या पात्रता फेरीत इंग्लंड आणि लिश्टेनश्टाइन एकमेकांविरुद्ध खेळले होते. फिनलंड आणि एस्टोनियाही फ्रेडरिक पासियसची एकच चाल गातात. शब्द इंग्रजी की जर्मन, फिनिश की एस्टोनियन, एवढाच फरक. याउलट स्पेनच्या राष्ट्रगीताला अधिकृत शब्दच नाहीत. संघ रांगेत उभे आहेत, बँड वाजतोय आणि हजारो लोक नुसतं ‘लो लो लो’ करत आहेत, असं दिसलं तर तो स्पेन.

आपल्याकडचं उदाहरण वानखेडेवर दर उन्हाळ्यात वाजतं. आयपीएलमध्ये ट्रम्पेटचा तुकडा लागतो आणि तो संपताच स्टेडियम एक आरोळी ठोकतं. लोक त्याला ‘आयपीएलची ट्यून’ म्हणतात, पण ती चाल ‘एन एर मुंदो’ या स्पॅनिश पासोडोब्लेची आहे. पासोडोब्ले म्हणजे बैलझुंजीच्या रिंगणात वाजणाऱ्या संगीताचा प्रकार. इथे वाजवतात लाउडस्पीकर आणि प्रेक्षकांच्या वाट्याला येते शेवटची आरोळी. त्यामुळे प्रेक्षकांच्या आवाजावरून ही चाल ओळखताच येणार नाही, ट्रम्पेटकडेच कान द्यावे लागतील.

तेव्हा कुणी विचारलं, ‘ते काय गातायत?’ तर उत्तर दोन भागांत द्यावं: चाल अमुक गाण्याची, घोष तमुक संघाचा किंवा खेळाडूचा. पहिला भाग सुरांच्या चढउतारावरून ठरवता येतो आणि बहुधा पक्का असतो. दुसऱ्यासाठी लांब सुरांवरची अक्षरं, भाषा आणि त्या दिवशी मैदानात कोण उतरलंय हे पाहावं लागतं. यांपैकी काहीच हाती लागलं नाही, तर फक्त चालीचं नाव सांगून थांबावं. संघाचं नाव अंदाजाने जोडलं, की उत्तर चुकतं ते नेमकं तिथे.