ड्राय बाल्कनीतला हीट पंप

पुण्याच्या फ्लॅटमध्ये आणि रो-हाऊसमध्ये ड्राय बाल्कनी ही एक वेगळीच जागा असते. वॉशिंग मशीन, धुण्याचा दगड, कोपऱ्यात उभा केलेला कुंचा आणि जमिनीत एक नहाणी ट्रॅप. अलीकडे या जागेत आणखी एक वस्तू येऊ लागली आहे, ती म्हणजे कपाटाएवढ्या उंचीची, डोक्यावर पंखा असलेली हीट पंपाची टाकी.

हा पंप पाणी तापवण्यासाठी वीज थेट जाळत नाही. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो, तसा हा बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो. वीज लागते ती मुख्यतः कॉम्प्रेसरला आणि पंख्याला. पाच माणसांच्या घरासाठी २०० लिटरची टाकी धरू. पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला सुमारे ७ युनिट उष्णता लागते. साधा गीझर तेवढीच, म्हणजे ७ युनिट वीज घेतो. पुण्याच्या हवेत चांगला हीट पंप हेच काम साधारण सव्वादोन ते अडीच युनिटांत करतो. बाकीची साडेचार युनिटं हवेतून येतात.

मात्र यंत्राच्या किमतीवर घासाघीस करणारी मंडळी नळजोडणीच्या बिलावर आली की हात आखडता घेतात. ‘कंडेन्सेट लाईन’, ‘इन्सुलेशन’, ‘वॉल्व्ह आणि युनियन’ असल्या ओळींवर पहिली फुली पडते. यंत्र तरीही चालतं, म्हणून चूक लक्षात येते ती पावसाळ्यात, नाहीतर पहिल्या सर्व्हिसिंगला.

आधी कंडेन्सेटचं, म्हणजे यंत्राखाली जमणाऱ्या गार पाण्याचं पाहू. हवेतली उष्णता काढून घेतली की हवा गार होते आणि तिच्यातली वाफ कॉईलवर दवासारखी जमते. एप्रिलच्या कोरड्या दुपारी थेंबही पडत नाही. जुलैत मात्र हवेतून घेतलेल्या साडेचार युनिटांपैकी तिसरा हिस्सा जरी वाफेचं पाणी होण्यातून आला, तरी रोज दोन लिटरच्या वर पाणी गळतं. मुंबई-कोकणात याहून जास्त. म्हणूनच उन्हाळ्यात बसवलेला पंप दोन महिने ठणठणीत कोरडा राहतो आणि पहिल्या मोठ्या पावसात घरात ओरड सुरू होते : टाकी गळतेय!

या पाण्याला दाब नसतो. ते केवळ उतारावर वाहतं, म्हणून पाईपला मीटरमागे निदान एक सेंटिमीटर उतार हवा आणि वाटेत कुठेही पोट नको. लवचीक होज लोंबती सोडली तर तिच्या पोटात पाणी साचतं, त्यात बुळबुळीत शेवाळ धरतं आणि एके दिवशी पाणी उलटं ट्रेमध्ये चढून यंत्राच्या अंगावरून वाहू लागतं. वीस किंवा पंचवीस मिलिमीटरचा ताठ पीव्हीसी पाईप, वळणावर साफ करायला एक उघडता येणारं तोंड आणि ठरावीक अंतरावर क्लॅम्प, एवढ्यानं ही कटकट मिटते. पाईप खोट्या छताच्या आतून जात असेल तर त्यालाही वेष्टन हवं, कारण गार पाईपच्या बाहेरून घाम सुटतो आणि जिप्समवर पिवळे डाग उमटतात.

शेवट कुठे करायचा, हेही तितकंच महत्त्वाचं. पाईपचं तोंड नहाणीच्या जाळीच्या वर दोन-तीन बोटं मोकळं सोडावं. ते जाळीत खुपसलं तर वॉशिंग मशीनचं पाणी भसकन सुटल्यावर फेस पाईपमधून वर चढतो. सांडपाण्याच्या उभ्या पाईपला थेट जोडला तर तिथला वास कॉईलपर्यंत पोहोचतो, आणि तो वायू तांब्याला चांगला नसतो. पंख्याच्या ओढीमुळे ट्रेमधलं पाणी अडत असेल तर कंपनीच्या पुस्तिकेत यू आकाराचा ट्रॅप सांगितलेला असतो. तो ट्रॅप उन्हाळ्यात कोरडा पडतो, म्हणून जूनच्या आधी त्यात तांब्याभर पाणी ओतावं. काम ताब्यात घेतानाची परीक्षाही सोपी आहे. ट्रेमध्ये हळूहळू लिटरभर पाणी ओतायचं आणि ते सगळं खाली नहाणीत उतरतं का, ते पाहायचं. टाकी जमिनीवर किंचित जरी उलट्या बाजूला कललेली असेल तर इथेच समजतं.

या पाईपला सेफ्टी वॉल्व्हचा निकास जोडू नये, हे प्लंबरला बजावून सांगावं लागतं. दोन्ही पाईप शेजारी, दोघांनाही नहाणीतच जायचं. टी टाकून एक केले की काम लवकर उरकतं. पण सेफ्टी वॉल्व्ह उघडतो तेव्हा पाणी दाबानं येतं, काही यंत्रांत उकळत्याच्या जवळपासचं. साधा पीव्हीसी पाईप त्या उष्णतेनं मऊ पडतो आणि अडलेलं पाणी यंत्राच्या ट्रेमध्ये शिरू शकतं.

सेफ्टी वॉल्व्ह ठिबकण्यामागेही कारण आहे. २०० लिटर पाणी ३० अंशांनी तापलं की फुगून सव्वादोन लिटरच्या आसपास वाढतं. गच्चीवरच्या टाकीकडे जाण्याची वाट मोकळी असेल तर ही वाढ गुपचूप मागे सरकते. गार पाण्याच्या तोंडाशी नॉन-रिटर्न वॉल्व्ह असला, आणि बहुतेक सेफ्टी वॉल्व्हमध्येच तो असतो, तर मागची वाट बंद होते. मग दाब वाढतो आणि ठरलेल्या मर्यादेला वॉल्व्ह थेंब-थेंब सोडतो. त्याचं कामच ते आहे. ‘गळतोय’ म्हणून तिथे बूच मारणारे महाभाग मात्र आहेत, आणि घरातला सगळ्यात धोकादायक प्लंबिंगचा प्रकार कुठला असेल तर तो हा. ठिबक नकोच असेल तर गार पाण्याच्या लाईनवर एक्स्पान्शन टँक बसवावा.

खाली जमलेलं पाणी कुठलं, हे ओळखायला फिल्टरवाले वापरतात ते पेनासारखं टीडीएस मीटर कामी येतं. कंडेन्सेटमध्ये क्षार जवळजवळ नसतात, आकडा अगदी खाली दिसतो. टाकीतलं पाणी तुमच्या नळाचाच आकडा दाखवतं. बोअरचं असेल तर तो शेकड्यांत जातो आणि वाळल्यावर पांढरा डाग राहतो. दोन्ही निकास वेगळे ठेवले असले की मीटरचीही गरज उरत नाही, नुसतं पाहून कळतं.

आता गरम पाईप. वरच्या रो-हाऊसमध्ये समजा एक न्हाणीघर ड्राय बाल्कनीला लागून आहे आणि दुसरं पंधरा मीटर लांब. पाऊण इंची सीपीव्हीसी पाईपच्या एका मीटरमध्ये साधारण पाव लिटर पाणी मावतं, म्हणजे लांबच्या न्हाणीघराच्या वाटेवर चार लिटर पाणी सतत उभं. सकाळी नळ सोडला की पहिल्यांदा हेच गार चार लिटर येतं. वेष्टनानं ही पहिली बादली गरम होईल, अशी आशा विक्रेता दाखवत असेल तर ती खोटी आहे. रात्रभरात पाईप कितीही गुंडाळला तरी निवतोच.

फायदा दिसतो तो दुसऱ्या अंघोळीला. पहिल्याची अंघोळ झाली आणि दुसरा अर्ध्या तासानं गेला, असं धरू. उघड्या पाईपमधलं ५५ अंशांचं पाणी तेवढ्या वेळात ढोबळ हिशेबानं ३५ अंशांवर येतं, म्हणजे कोमट. अर्धा इंच जाडीचं नायट्राईल रबराचं वेष्टन असेल तर ते ४४ च्या आसपास राहतं, आणि अंघोळीला साधारण ४० पुरतं. पहिल्या वेळी चार लिटर वाया जातात आणि दुसऱ्या वेळी थेट अंघोळ सुरू होते. हीट पंपाच्या बाबतीत हे जास्त जाणवतं, कारण एक टाकी सगळ्या घराला पुरवायची म्हणून पाईप लांब होतात. न्हाणीघरात डोक्यावर टांगलेल्या गीझरला हा प्रश्न नव्हता.

वेष्टन चढवताना सोपं ते आधी होतं आणि अवघड राहून जातं. सरळ पाईपवर नळी सरकवणं सोपं, म्हणून ती चढते. एल्बो, टी आणि युनियन मात्र उघडे राहतात, आणि टाकीजवळ तेच एकमेकांना चिकटून असतात. कोपऱ्यावर नळी तिरकी कापून दोन तोंडं रबराच्या सोल्यूशननं चिकटवावी लागतात. नुसती टेप वर्षभरात सुटते. क्लॅम्प वेष्टनाच्या वरून यावा, नाहीतर तिथे पाईप उघडा पडतो. उन्हात हे रबर तडकतं, म्हणून गच्चीवरच्या भागाला ॲल्युमिनियमचं आवरण घालावं. भिंतीत गाडायच्या पाईपवर प्लास्टर होण्याआधीच वेष्टन चढायला हवं, मागाहून काही करता येत नाही.

टाकीच्या डोक्यावरून पाईप सरळ वर नेला तर एक छुपी गळती होते. नळ बंद असतानाही गरम पाणी त्याच पाईपमध्ये वर चढतं, निवतं आणि खाली उतरतं, रात्रभर. पाईप आधी वीतभर खाली वळवून मग वर नेला की ही फेरी थांबते. गार पाण्याच्या पाईपचाही टाकीजवळचा पहिला मीटर गुंडाळावा.

राहिले वॉल्व्ह. गार पाणी आत येतं तिथे एक, गरम बाहेर पडतं तिथे एक आणि दोघांना जोडणाऱ्या बायपासवर तिसरा, असे तीन बॉल वॉल्व्ह. शिवाय टाकी सोडवता यावी म्हणून दोन युनियन. वॉल्व्ह पूर्ण भोकाचे घ्यावेत. गच्चीवरची टाकी नळापेक्षा सात मीटर वर असेल तर दाब जेमतेम पाऊण किलो मिळतो. त्यात अरुंद तोंडाचा वॉल्व्ह आला की वरच्या शॉवरची धार पातळ होते. मात्र टाकी आणि सेफ्टी वॉल्व्ह यांच्यामध्ये कुठलाही कॉक येता कामा नये. कुणी चुकून तो बंद केला तर दाबाला बाहेर पडायला वाट राहत नाही.

यांचा उपयोग कळतो तो क्षार काढताना आणि गंजरोधक ॲनोड दांडी बदलताना. आधी यंत्राची वीज बंद. मग गार पाण्याचा वॉल्व्ह बंद करून एक गरम नळ उघडायचा, म्हणजे दाब उतरतो. त्यानंतर गरम बाजूचा वॉल्व्ह बंद करून बायपास उघडला की घराला निदान गार पाणी मिळत राहतं. सेफ्टी वॉल्व्हची दांडी उचलून हवा आत घेत, होज लावून टाकी खालून रिकामी करायची. पाणी ५५ अंशांचं आहे हे विसरायचं नाही. वॉल्व्हच नसतील तर याच कामासाठी गच्चीवरचा मुख्य कॉक बंद करून अख्खं घर कोरडं ठेवावं लागतं, आणि मग सर्व्हिसिंग पुढच्या वर्षावर जातं.

सर्व्हिसिंगनंतर येणारी एक ठरलेली तक्रार म्हणजे ‘पाणी पूर्वीसारखं गरम येत नाही’. दोष बहुधा यंत्रात नसतो. बायपास नीट मिटलेला नसतो आणि गार पाणी गरमात मिसळत असतं. तपासायला गार पाण्याचा वॉल्व्ह बंद करून गरम नळ सोडावा. सेकंदभरानं धार थांबली तर सगळं ठीक. ती चालूच राहिली तर पाणी दुसऱ्या वाटेनं येतंय : बायपासमधून, नाहीतर एखाद्या न्हाणीघरातल्या झिजलेल्या मिक्सरमधून. मग एकेका मिक्सरखालचा अँगल कॉक बंद करत जायचं. ज्याला हात लावल्यावर धार थांबेल, तिथे चोर.