मधल्या फळीला बदलाचं कारण पटतं कसं

कारखान्यात किंवा कार्यालयात एखादा बदल करायचं वर ठरतं आणि तो कामगारांपर्यंत पोहोचतो सुपरवायझर, फोरमन, विभागप्रमुख यांच्या तोंडून. या मधल्या फळीचा बदलावर विश्वास नसेल तर ती सहसा उघड विरोध करत नाही. बैठकीत मान डोलावते आणि आपल्या माणसांसमोर गेल्यावर म्हणते, "वरून आलंय, करायला लागेल." एवढं ऐकलं की तो बदल फार दिवस टिकणार नाही हे कामगार ओळखतात. वरचे अधिकारी याला हट्टीपणा म्हणून मोकळे होतात, पण बहुतेक वेळा तो हट्ट नसतो. मधल्या माणसाचं काम ज्या आकड्यावर मोजलं जातं, तोच आकडा बदलामुळे खाली जाणार असतो. ते त्याला दिसत असतं आणि समजावून सांगणाऱ्याच्या लक्षात आलेलं नसतं.

या प्रश्नाचा एक नीट अभ्यास झाला तो अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या मॅरियन या गावी, पायजमे शिवणाऱ्या हारवुड कंपनीत. मालक कुटुंबातले आल्फ्रेड मॅरो यांनी स्वतः मानसशास्त्रात डॉक्टरेट केली होती. समूहांच्या वर्तनाचे अभ्यासक कुर्ट लेविन यांना त्यांनी १९३९ पासून कारखान्याशी जोडून घेतलं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कामगार मिळेनात. कंपनीचा रिवाज मात्र तिशीपुढच्या बायकांना कामावर न घेण्याचा होता. त्या सावकाश शिकतात, कमी काम करतात, खाडे करतात, अशी वरिष्ठांची आणि सुपरवायझरांचीही ठाम समजूत होती.

या समजुतीविरुद्ध भाषण देण्यात अर्थ नव्हता. म्हणून वरिष्ठांनाच एक काम दिलं गेलं: कारखान्यात आधीपासून असलेल्या वयस्कर कामगार बायकांमुळे कंपनीचं नेमकं किती नुकसान होतं, ते मोजायचं. काय मोजायचं आणि कसं, हेही त्यांनीच ठरवलं. उत्पादन, शिकण्याचा वेग, गैरहजेरी, नोकरी सोडण्याचं प्रमाण, असं सगळं पाहिल्यावर उत्तर उलटं आलं. या बायका तरुणींपेक्षा कुठेच मागे नव्हत्या. ज्यांनी मोजलं होतं त्यांना ते पटलं. पण हेच निष्कर्ष सुपरवायझरांना नुसते कळवले तेव्हा त्यांच्या मतात फारसा फरक पडला नाही. मग त्यांच्याशी गटागटाने चर्चा झाल्या. ही समजूत आली कुठून, स्वतःच्या विभागातला अनुभव काय सांगतो, यावर ते बोलले आणि त्यानंतरच त्यांची भूमिका सैल झाली. मॅरो आणि जॉन फ्रेंच यांनी १९४५ मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे: तोच आकडा, तोच कारखाना, पण स्वतः मोजणाऱ्याला पटला आणि ऐकणाऱ्याला पटला नाही.

तीन वर्षांनी लेस्टर कोच आणि फ्रेंच यांनी त्याच कारखान्यातला दुसरा प्रयोग मांडला. तो कामगारांवरचा होता, पण कारण कसं मांडावं याचा नमुना त्यात सापडतो. कामाची पद्धत थोडी बदलायची होती. एका गटाला बैठकीत सांगितलं गेलं की स्पर्धेमुळे बदल आवश्यक आहे, आणि नवा दर समजावला गेला. बाकीच्या गटांसमोर दोन अगदी सारखे कपडे ठेवले. एक १९४६ मध्ये विकलेला, दुसरा १९४७ मधला, आणि पहिल्याची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट होती. स्वस्त कोणता ते ओळखा म्हटलं तर कुणालाच ओळखता आलं नाही. खर्च का कमी करायचा, हे त्यानंतर वेगळं सांगावं लागलं नाही. पुढे नवी पद्धत बसवण्यातही या गटांचा किंवा त्यांच्या प्रतिनिधींचा हात होता. नुसतं सांगितलेल्या गटाचं उत्पादन घसरलं ते सावरलंच नाही आणि पहिल्या ४० दिवसांत त्यातली १७ टक्के माणसं नोकरी सोडून गेली. सहभागी गटांतून कुणी गेलं नाही. ज्या गटांत सगळेच सहभागी होते, त्यांचं उत्पादन तर आधीच्या पातळीच्याही वर गेलं.

आजच्या कारखान्यात हे कसं उतरतं ते एका कल्पित पण नेहमी भेटणाऱ्या उदाहरणावर पाहता येतं. एका प्रेस शॉपमध्ये एक प्रेस तासाला ५०० नग काढतो. त्यावर चार प्रकारचे भाग निघतात आणि प्रत्येकाचे आठवड्याला १०,००० नग लागतात. आठ तासांच्या दोन शिफ्ट, सहा दिवस, म्हणजे हातात ९६ तास. आतापर्यंत प्रत्येक भागाचा आठवड्याचा सगळा माल एकाच लॉटमध्ये काढला जातो. चालवायला ८० तास आणि चार वेळा डाय बदलायला दोन-दोन तास, असे ८८ तास जातात. व्यवस्थापनाला लॉट निम्मा करायचा आहे: प्रत्येक भाग आठवड्यातून दोनदा, ५,००० नगांचा.

सुपरवायझर लगेच म्हणतो, "सेटिंग दुप्पट होणार." आणि तो बरोबर आहे. आठ वेळा दोन-दोन तास म्हणजे १६, अधिक ८० म्हणजे बरोबर ९६. एक डाय अडकली की आठवडा कोलमडला. हा हिशेब त्याने मांडण्याआधी वरिष्ठांनीच मांडायला हवा. बदल हवा असेल तर डाय बदलण्याचा वेळ आधी एका तासावर आणावा लागेल. मग आठ सेटिंगनाही आधीइतकेच आठ तास पुरतात. ही अट लपवून "लवचिकता वाढवायची आहे" असं म्हणत राहिलं, तर ऐकणाऱ्याला कळतं की समोरच्याला प्रेसवरचं काम माहीत नाही. त्यानंतरच्या कुठल्याच वाक्यावर त्याचा विश्वास बसत नाही.

दुसरी अडचण फळ्यावरच्या आकड्याची आहे. ती सहसा बोलली जात नाही, म्हणून तिच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. या शॉपमध्ये दर शिफ्टला किती नग निघाले ते फळ्यावर लिहिलं जातं. सेटिंग नसलेल्या शिफ्टमध्ये ४,००० नग निघू शकतात, सेटिंग असलेल्या शिफ्टमध्ये ३,०००. आठवड्याच्या बारा शिफ्टपैकी आठ शिफ्ट आज पूर्ण आकड्याच्या असतात. नव्या पद्धतीत आठ शिफ्टमध्ये सेटिंग येईल आणि त्या ३,५०० वर थांबतील. ४,००० चा आकडा चारच शिफ्टना दिसेल. आठवड्याची क्षमता दोन्हीकडे ४४,०००च राहते, तरी फळा वाचणाऱ्याला सुपरवायझरचं काम ढिलं झाल्यासारखं वाटेल. वार्षिक मूल्यमापन त्या फळ्यावर होत असेल तर त्याने बदलाला साथ द्यावी, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. मोजमाप आधी बदलावं लागतं. शिफ्टच्या नगांऐवजी ठरलेला भाग ठरलेल्या दिवशी निघाला का, आणि सेटिंग किती मिनिटांत झालं, हे फळ्यावर यायला हवं. ते बदललंय हे दाखवूनच बैठकीला बसावं.

आता कारण. "इन्व्हेंटरी कमी करायची आहे" हे वित्त विभागाचं कारण झालं. सरासरी निम्मा लॉट पडून असतो असं धरलं, तर चार भागांचे मिळून २०,००० नग आज गोदामात असतात आणि ४० रुपये नगाने त्यांत आठ लाख अडकतात. लॉट निम्मा झाला की चार लाख मोकळे होतात. हे खरं आहे, पण सुपरवायझरच्या दिवसात त्याने काही फरक पडत नाही. त्याला रोज छळणारी गोष्ट वेगळी असते. डायची कड झिजून बर यायला लागते, प्रेसवर ते नजरेतून सुटतं आणि पुढच्या वेल्डिंग शॉपमध्ये चार दिवसांनी उघड होतं. तोवर १०,००० नगांचा लॉट निघून गेलेला असतो. मग सगळा माल वेचायचा, घासायचा, रात्री थांबायचं आणि वेल्डिंगवाल्यांची बोलणी खायची. लॉट ५,००० चा असेल तर तीच चूक निम्म्या मालात अडकते आणि लवकर सापडते. हारवुडमधल्या दोन कपड्यांचं काम इथे परत आलेल्या मालाची पेटी करते. ती टेबलावर ठेवावी, हा माल किती दिवस आधी निघाला होता ते सुपरवायझरांनाच लॉट कार्डावरून शोधू द्यावं आणि मध्ये बोलू नये.

डाय बदलायला दोन तास का लागतात, हेही त्यांनीच मोजावं. हातात घड्याळ घेऊन एक सेटिंग पूर्ण पाहिलं की क्रेनची वाट पाहणं, बोल्ट शोधणं, पहिला नग तपासायला क्वालिटीचा माणूस येईपर्यंत थांबणं, यांत किती वेळ जातो ते दिसतं. प्रेस चालू असतानाच करता येण्याजोगी कामं वेगळी काढण्याची ही पद्धत जपानमधले अभियंता शिगेओ शिंगो यांनी रूढ केली. पण तिचं नाव सांगून सुरुवात करण्याची गरज नाही. मोजणारा माणूस त्या यादीपाशी आपणच पोहोचतो, आणि मग एका तासाचं लक्ष्य त्याला वरून लादलेलं वाटत नाही.

काय ठरलंय आणि काय खुलं आहे, ते मात्र स्पष्ट सांगायला हवं. लॉट निम्मा करायचा हे ठरलं असेल तर तसं म्हणावं. कोणता भाग कोणत्या दिवशी, सेटर कोणत्या शिफ्टला, सुरुवात कोणत्या प्रेसवर, हे खुलं ठेवावं. सगळं आधीच ठरवून "तुमचं मत काय" असं विचारणं महागात पडतं. सहभागालाही मर्यादा आहेत. फ्रेंच यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर नॉर्वेतल्या एका बूट कारखान्यात असाच प्रयोग केला आणि १९६० मध्ये प्रसिद्ध केला. तिथे सहभागी गटांच्या उत्पादनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ज्या बाबींत मत घेतलं गेलं त्या उत्पादनाच्या दृष्टीने किरकोळ होत्या, हे त्याचं एक कारण अभ्यासकांनी दिलं. आणि बदलामागचं खरं कारण माणसं कमी करणं असेल, तर गुणवत्तेचं कारण पुढे करू नये. मधल्या माणसाने ते आपल्या तोंडाने पुढे सांगितलेलं असतं आणि दोन महिन्यांनी खोटा तोच ठरतो.

सुपरवायझरांना हे सगळं कामगारांच्या आधी कळायला हवं आणि मध्ये दोन-चार दिवस तरी मिळायला हवेत. टीम त्यांना काय विचारेल ते त्यांना नेमकं ठाऊक असतं: ओव्हरटाइम जाईल का, इन्सेन्टिव्ह कशावर मिळेल, सेटरचा भत्ता वाढेल का. या प्रश्नांची उत्तरं त्यांच्याकडून प्रश्न घेऊन आधी तयार करावीत. ज्याचं उत्तर अजून नाही, त्याची तारीख द्यावी. नंतर टीमशी बोलायचं ते सुपरवायझरनेच, स्वतःच्या भाषेत. वरून लिहून दिलेला मजकूर वाचून दाखवायला लावला की तो पुन्हा निरोप्या होतो.

कारण पोहोचलं की नाही, हे बैठकीतल्या होकारावरून कळत नाही. बैठक शांतपणे उरकली तर उलट शंका घ्यावी. "शुक्रवारी सेटर रजेवर असेल तर दुसरी डाय कोण बदलणार?" असे बारीक प्रश्न येऊ लागले, की माणूस मनातल्या मनात बदल चालवून पाहतो आहे असं समजावं. आणखी एक तपासणी सोपी आहे. टीमला सांगून झाल्यावर तीन-चार दिवसांनी प्रेसवरच्या एखाद्या ऑपरेटरला विचारावं, लॉट लहान का केला? "साहेबांनी सांगितलं" असं उत्तर आलं तर कारण मधल्या फळीतच अडकलं आहे आणि पुन्हा सुपरवायझरकडे जाऊन त्याला काय पटलेलं नाही ते ऐकावं लागेल. "खराब माल लवकर सापडतो म्हणून" असं उत्तर आलं तर दुसऱ्या प्रेसकडे वळायला हरकत नाही.