कुठल्या शब्दावर चित्र बदलायचं?

मुरुडजवळच्या राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला निघालं, की किल्ला सगळा वेळ समोर असतो आणि दरवाजा मात्र कुठेच दिसत नाही. होडी तटाच्या अगदी जवळ गेली, की बुरुजांच्या आडून तो पुढे येतो. जंजिऱ्यावर फोनने मिनिटभराची क्लिप करायची, तर तिचा गाभा हाच. आणि नेमका तोच बऱ्याचदा हातचा जातो. दरवाजा टिपलेला असतो, निवेदनात वाक्यही असतं. पण पडद्यावर दरवाजा दिसून गेल्यावर आवाज सांगायला लागतो, की तो लपलेला आहे.

यावरचा इलाज घर सोडण्यापूर्वी कागदावर करायचा असतो. बरेच जण शॉटची यादी एका कागदावर करतात आणि निवेदन फोनच्या नोट्समध्ये लिहितात. दोन्ही चांगली असतात, फक्त त्यांची एकमेकांशी गाठ पडलेली नसते. ती पाडायला एकाच पानावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात शॉटचा क्रमांक आणि चौकटीचं वेडंवाकडं रेखाटन, दुसऱ्यात त्यावर ऐकू येणारी ओळ, आणि तिसऱ्यात ओळीतल्या कुठल्या शब्दावर चित्र बदलायचं तो शब्द. चित्रकला येत नसली तरी बिघडत नाही. फोनसाठी उभी चौकट काढायची, पाणी कुठे, तट कुठे, माणूस कुठे एवढं रेघांनी दाखवलं की झालं. (१९५५ साली आलेल्या ‘पथेर पांचाली’साठी सत्यजित राय यांच्याकडे रीतसर पटकथा नव्हती, चित्रांची वही होती. अर्थात ते मुळात चित्रकार होते.)

आता दरवाजाच्या ओळी घेऊ. “समोर किल्ला दिसतो, पण आत जायचा दरवाजा शोधून सापडत नाही. होडी अगदी तटाला भिडायला आली, की बुरुजांच्या आडून तो उघड होतो.” सावकाश, श्वास घेत बोललं तर मराठीत सेकंदाला साधारण दोन शब्द होतात. म्हणजे पहिल्या वाक्याला पाच सेकंद, दुसऱ्याला साडेपाच. हे मनात वाचून ठरवू नये. फोनचं स्टॉपवॉच लावून मोठ्याने वाचावं. मनातलं वाचन नेहमीच घाईचं असतं.

मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी येतं, आणि खरी मेख तिथे आहे. दुसऱ्या वाक्याचा उलगडा ‘उघड होतो’ला होतो, सुरुवातीच्या ‘होडी’ला नाही. संकलन करताना हात आपोआप वाक्याच्या आरंभी नवा शॉट लावतो. मग दरवाजा पाच सेकंद आधीच दिसतो आणि वाक्यातला जीव जातो. म्हणून तिसऱ्या रकान्यात ‘उघड’ हा शब्द लिहायचा. पानावर तो भाग असा दिसेल:

शॉट २ । दूरचा तट, खाली होडीची कड । “समोर किल्ला दिसतो…” । ‘होडी’वर बदल
शॉट ३ । तट चौकटभर, दरवाजा नाही । “होडी अगदी तटाला…” । ‘उघड’वर बदल
शॉट ४ । दरवाजा पुढे येतो । ओळ नाही, पाण्याचा आवाज, ३ सेकंद

शॉट ४ची ओळ मुद्दाम रिकामी आहे. दरवाजा दिसतो आहे. तो दिसतो असं पुन्हा सांगायची गरज नाही. रकाना रिकामा दिसला की भरायची ऊर्मी येते, ती आवरावी.

हे तीन शॉट होडीत एकाच जागी बसून, फोन त्याच उंचीवर धरून घ्यायचे. दूर असताना एक, मध्ये एक, आणि शेवटचा मात्र दरवाजा पुढे येण्याच्या बऱ्याच आधी सुरू करून सलग. पाच सेकंदांच्या ओळीला पाच सेकंदांचा शॉट पुरत नाही. पुढे-मागे दोन-दोन सेकंद जास्त हवेत, म्हणजे नऊ-दहा सेकंद, कारण सुरुवातीला आणि शेवटी बटण दाबताना हात हलतोच. सकाळची वेळही पानावर लिहून ठेवावी. दरवाजा राजपुरीकडे, म्हणजे पूर्वेला तोंड करून आहे. सकाळी ऊन त्याच्यावर पडतं; दुपारनंतर ऊन तटाच्या मागे जातं आणि फोनला काळा तट आणि पांढरं आभाळ यापलीकडे काही हाती लागत नाही.

काही ओळी चित्रावर जास्तच विसंबून असतात. “समोर दिसतो तो पद्मदुर्ग, जंजिऱ्याला शह द्यायला शिवाजी महाराजांनी बांधलेला.” ही ओळ घरी बसून झकास वाटते. तटावर उभं राहावं तर समुद्रावर धुरकट हवा, आणि फोनचा झूम ताणला की पद्मदुर्गाचा नुसता करडा डाग. ‘समोर दिसतो तो’ असं म्हटल्यामुळे आता दाखवणं भाग आहे. हेच “मुरुडच्या समुद्रात शिवाजी महाराजांनी पद्मदुर्ग बांधला, तो जंजिऱ्याला शह द्यायला” असं लिहिलं, तर समुद्राकडे तोंड केलेल्या तोफेवरही ते चालतं. ‘हा’, ‘तो’, ‘इथे’, ‘समोर’ असे शब्द असलेल्या ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारावी. त्या ओळींचा शॉट मिळाला नाही तर काय, हे तिथेच लिहावं.

याच्या उलट, काही ओळींना शॉटच नीट सांगून मागावा लागतो. “चहूबाजूंनी खारं पाणी, आणि आत गोड्या पाण्याचे तलाव.” याच्यासमोर बहुतेक जण ‘तलाव’ एवढंच लिहितात आणि काठावरून हिरवट पाणी टिपून आणतात. तो तलाव कुठल्याही गावचा असू शकतो. ओळीतली गंमत दोन पाण्यांत आहे, तेव्हा दोन्ही एकाच चौकटीत हवीत: वर बालेकिल्ल्याच्या बाजूला चढून, खाली तलाव, मध्ये तट, वर समुद्र. इथे उभी चौकट फायद्याची ठरते. पण तलाव अगदी तळाला नको. फोनवर बघताना तिथे मजकूर आणि बटणं येतात. म्हणून रेखाटनातच तळाची पट्टी रिकामी सोडावी.

किल्ल्यावर वेळ मोजका मिळतो. होडीवाले तास-पाऊण तासात परत बोलावतात, त्यामुळे कथनाच्या क्रमाने शॉट घेत बसता येत नाही. पानाच्या मागे जागेनुसार वेगळी यादी करावी: होडी, दरवाजा, तोफा, वरचा भाग, परतीची होडी. क्रमांक मात्र कथनाचेच ठेवायचे. शॉट सुरू करताना फोनजवळ तोंड नेऊन नुसतं “सात, दुसऱ्यांदा” म्हणावं. गॅलरीत सगळ्या क्लिपा वेळेनुसार लागतात, आणि चाळीस क्लिपांतून तलावाचा चांगला शॉट कोणता, हे रात्री शोधताना हा आवाज कामाला येतो. निवेदन होडीत बोलायला जाऊ नये, वारा माइकवर फडफडतो. तिथे फक्त पाण्याचा, शिडाचा, होडीवाल्यांच्या हाकांचा आवाज अर्धा मिनिट घ्यावा. निवेदन घरी, कपड्यांच्या उघड्या कपाटासमोर.

संकलनात आधी निवेदन लावावं, मग तिसऱ्या रकान्यातल्या शब्दांवर शॉट बसवावेत. कुठेतरी शॉट कमी पडेलच. तेव्हा शॉटचा वेग कमी करून तो ताणण्याचा मोह होतो. पण नेहमीच्या वेगाने टिपलेलं पाणी संथ केलं, की लाटा अडखळतात आणि शीड धक्के खात हलतं. त्यापेक्षा ओळ छाटावी. “होडी अगदी तटाला भिडायला आली, की” यातला ‘अगदी’ गेला तर अर्धा सेकंद मिळतो.