बारा लाख जमा, कर किती?

बी.कॉम.च्या वर्गात प्राप्तिकर शिकवताना मी दरवर्षी एकच गणित फळ्यावर लिहिते. साताऱ्यातली एक फिजिओथेरपिस्ट, वय पस्तीस, स्वतःचं छोटं क्लिनिक. बाई काल्पनिक आहे, पण आकडे अशा व्यवसायात खरेच दिसणारे आहेत. २०२५-२६ या वर्षात तिच्या बँक खात्यात एकूण १२,२४,००० रुपये जमा झाले. तिला कर किती पडेल?

निम्मा वर्ग लगेच बारा लाखांवर टक्केवारी लावायला घेतो. मी त्यांना थांबवते आणि पासबुक उघडायला सांगते, कारण खात्यात आलेला प्रत्येक रुपया उत्पन्न नसतो. क्लिनिकमध्ये पेशंटकडून आलेली फी ८,६०,००० रुपये. आठवड्यातून दोनदा ती एका हॉस्पिटलमध्ये जाते, तिथून ९०,००० आले. बऱ्या झालेल्या एका आजोबांनी खुशीने १०,००० दिले. बचत खात्याचं व्याज १४,०००. आईने ५०,००० दिले आणि मशीनसाठी बँकेने २,००,००० कर्ज दिलं.

कर्ज परत करायचं असतं, म्हणून ते उत्पन्न नाही. आईने दिलेले पैसे नातेवाइकाकडून मिळालेली भेट, त्यावर कर नाही. आजोबांचे दहा हजार मात्र मुलांना भेटच वाटते. पण ते तिच्या कामामुळे आले. उपचार केले नसते तर आजोबांनी ते दिले नसते. म्हणून ते व्यवसायाच्या उत्पन्नात धरायचे.

हॉस्पिटलच्या ९०,००० रुपयांत दरवर्षी सगळ्यात जास्त मुलं अडकतात. हॉस्पिटलने तिला खरं तर एक लाख रुपये देणं लागत होतं. त्यातले दहा टक्के, म्हणजे १०,००० रुपये, त्यांनी टीडीएस म्हणून कापून तिच्या नावावर सरकारकडे भरले. तिची कमाई एक लाखच आहे. पासबुकात नव्वद हजार दिसतात, पण प्राप्तिकर खात्याच्या २६एएसमध्ये लाखाची नोंद असते. पासबुकावरून नव्वद धरले तर दोन्हींचा मेळ बसत नाही आणि पुढे नोटीस येऊ शकते. म्हणून व्यवसायाची एकूण जमा ८,६०,००० अधिक १,००,००० अधिक १०,००० म्हणजे ९,७०,००० रुपये.

आता खर्च. क्लिनिकचं भाडं वर्षाचं १,४४,०००, मदतनीस मुलीचा पगार १,२०,०००, वीज, फोन आणि किरकोळ खर्च ३६,०००. हे सगळे व्यवसायासाठीचे, ते वजा होतात. कर्जाच्या हप्त्यांत ५२,००० गेले. त्यातलं १२,००० व्याज खर्चात येतं, ४०,००० मुद्दल येत नाही. कर्ज घेतलं तेव्हा ते उत्पन्नात धरलं नाही, मग फेडताना ते खर्चात तरी कसं धरणार? हे असं मांडलं की मुलांना पटतं आणि लक्षात राहतं.

२,४०,००० रुपयांचं मशीनही पूर्ण खर्चात टाकता येत नाही, कारण ते पुढची अनेक वर्षं चालणार आहे. त्याच्यावर फक्त घसारा मिळतो, वर्षाला पंधरा टक्के. पण मशीन नोव्हेंबरमध्ये सुरू झालं. पहिल्या वर्षी एकशे ऐंशी दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर घसारा निम्माच मिळतो. म्हणजे साडेसात टक्के, १८,००० रुपये.

सगळं वजा केल्यावर व्यवसायाचा नफा ६,४०,००० उरतो. त्यात बचत खात्याचं व्याज १४,००० मिळवलं की ढोबळ एकूण उत्पन्न ६,५४,०००.

इथपर्यंत वर्गाला हुरूप आलेला असतो. आता जुनी करप्रणाली घेऊ. तिने पीपीएफमध्ये १,२०,००० भरले (मर्यादा दीड लाख), मेडिक्लेमचा हप्ता २२,००० आहे आणि बचत खात्याच्या व्याजातले १०,००० पर्यंत वजा होतात. एकूण वजावट १,५२,०००. करपात्र उत्पन्न ५,०२,०००.

आता रिबेट. कलम ८७एप्रमाणे जुन्या प्रणालीत करपात्र उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर १२,५०० रुपयांपर्यंतचा कर माफ होतो. इथे दरवर्षी कोणीतरी ५,०२,००० मधून १२,५०० वजा करतं. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातली हीच चूक सगळ्यात महागाची. वजावट उत्पन्नातून जाते, रिबेट करातून. उत्पन्नातून साडेबारा हजार गेले तर फार तर त्यांच्यावरचा कर वाचतो. करातून गेले तर साडेबारा हजारच वाचतात.

पण या बाईला रिबेट मिळतच नाही. पाच लाखांच्या रेषेच्या ती दोन हजार रुपये वर आहे, आणि जुन्या प्रणालीत ही रेष ओलांडली की रिबेट पूर्ण जातो. थोडा थोडा कमी होत नाही. अडीच ते पाच लाखांवर पाच टक्क्यांनी १२,५०० रुपये, वरच्या दोन हजारांवर वीस टक्क्यांनी ४००. एकूण १२,९००. त्यावर चार टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर ५१६, म्हणजे १३,४१६. हॉस्पिटलने भरलेले दहा हजार इथे, अगदी शेवटी, वजा करायचे. उरतात ३,४१६. दहाच्या पटीत केले की ३,४२० रुपये.

पीपीएफमध्ये तिने आणखी दोनच हजार भरले असते तर करपात्र उत्पन्न बरोबर पाच लाख झालं असतं, कर शून्य आला असता आणि कापलेले दहा हजार परत मिळाले असते. दोन हजारांपायी तेरा हजार चारशे गेले. फळ्यावर हे लिहिलं की वर्ग शांत होतो. मलाही तिच्याबद्दल वाईट वाटतं, ती काल्पनिक असली तरी. ३१ मार्चनंतर भरलेले पैसे त्या वर्षात धरता येत नाहीत, आणि बहुतेक लोक हिशेब करायला बसतात ते जुलैत.

मग नवी प्रणाली पाहू. तिथे पीपीएफ, मेडिक्लेम, बचत खात्याचं व्याज यांची वजावट नाही, पण क्लिनिकचा खर्च आणि घसारा तसाच मिळतो. म्हणजे उत्पन्न पूर्ण ६,५४,०००. पहिल्या चार लाखांवर कर नाही, पुढच्या २,५४,००० वर पाच टक्के, १२,७०० रुपये. या प्रणालीत रिबेट बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला आणि साठ हजारांपर्यंत मिळतो, तेव्हा पूर्ण कर माफ. दहा हजार परत. रेष थोडी ओलांडली तरी इथे घात होत नाही: उत्पन्न बारा लाख दहा हजार झालं तर उपकराआधीचा कर वरच्या दहा हजारांपेक्षा जास्त घेत नाहीत.

नवी प्रणाली आता आपोआप लागू होते. व्यवसायाचं उत्पन्न असलेल्याला जुनी हवी असेल तर मुदतीत १०-आयईए हा फॉर्म भरावा लागतो. म्हणजे आपल्या बाईने फॉर्म भरलाच नसता तर तिचं भलं झालं असतं. वजावटी भरपूर आहेत म्हणून जुनीच प्रणाली बरी, असं धरून चालणाऱ्यांनी दोन्ही गणितं कागदावर मांडून पाहावीत.

यंदा तास संपता संपता मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, मशीन आधी बसवलं असतं तर?" मी तिलाच फळ्यावर बोलावलं. ३ ऑक्टोबरपासून ३१ मार्चपर्यंत दिवस मोजले तर बरोबर एकशे ऐंशी होतात. त्या दिवशी मशीन वापरात आलं असतं तर पूर्ण घसारा, ३६,००० रुपये. कर्जाचं व्याज थोडं वाढलं असतं ते सोडलं, तरी जुन्या प्रणालीतलं करपात्र उत्पन्न ४,८४,००० आलं. पाच लाखांच्या आत. तिने खाली कर शून्य लिहिला आणि विचारलं, "मग बिलावरची तारीख धरायची की मशीन चालू केल्याची?" चालू केल्याची, मी म्हटलं. तिने ते वहीत अधोरेखित करून घेतलं.