शटर काउंट नऊ हजार, फंगस नाही, फुल बॉक्स

वरची ओळ माझी नाही. ती कळमन्याच्या एका काकांनी आपला जुना कॅमेरा विकायला काढला तेव्हा जाहिरातीत लिहिली होती. निकॉन डी ७२००, सोबत १८-१४० ची लेन्स, दोन्ही मिळून ३६ हजार. आमच्या फोटोग्राफी ग्रुपमधल्या चौघांनी मेसचं बिल, बसपास आणि घरून आलेले दिवाळीचे पैसे असं सगळं धरून ३४ हजार जमवले होते. म्हणजे चूक झाली असती तर पुढचे सहा महिने टपरीवरचा चहासुद्धा उधारीवर. त्यामुळे त्या ओळीतला एकेक शब्द तपासूनच पैसे द्यायचे, असं ठरलं. तो तपास कसा केला ते सांगतो. (मी कॉन्व्हेंटवाला आहे, ऱ्हस्व-दीर्घाकडे संपादकांनी कानाडोळा करावा.)

आधी शटर काउंट. डीएसएलआरमध्ये प्रत्येक फोटोला सेन्सरसमोरचा पडदा एकदा उघडतो आणि मिटतो. असे किती फोटो झाले तो आकडा म्हणजे शटर काउंट, गाडीच्या किलोमीटरसारखाच. २०१५ साली आलेल्या डी ७२०० चा पडदा कंपनीने दीड लाख वेळा चालवून तपासलेला आहे. ही काही गॅरंटी नाही. पडदा त्याआधी जाऊ शकतो, किंवा दोन लाखांपर्यंतही जाऊ शकतो. पण गाडी किती पळली आहे याचा अंदाज नक्की येतो.

निकॉनचे डीएसएलआर हा आकडा फोटोच्या फाइलमध्येच लिहून ठेवतात. म्हणून कॅमेरा बघायला जाण्याआधीच काकांना म्हटलं, आज काढलेला एक फोटो पाठवा. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि त्यात काहीच सापडेना! कारण व्हॉट्सअ‍ॅप फोटो लहान करतं आणि आतली ही सगळी माहिती काढून टाकतं. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला की जसाच्या तसा येतो. मग लॅपटॉपवर एक्झिफटूल नावाच्या फुकट प्रोग्रॅमने विचारलं:

```
exiftool -Model -SerialNumber -ShutterCount DSC_9146.JPG
```

शेवटच्या ओळीत उत्तर आलं:

```
Shutter Count : 67412
```

नऊ हजार कुठे आणि सदुसष्ट हजार कुठे! रूममेट म्हणाला, "काय बे, हा तर फसवून राहिला." मलाही तसंच वाटलं होतं. पण फाइलचं नाव परत एकदा बघा: DSC_9146. काकांनी तो ९१४६ आकडाच शटर काउंट समजून जाहिरातीत टाकला होता. फाइलचा नंबर ९९९९ पर्यंत जातो आणि पुन्हा ०००१ पासून सुरू होतो, मेनूत जाऊन मधेच शून्यावरही आणता येतो. तेव्हा नावातल्या आकड्यावरून काहीच सिद्ध होत नाही. हा घोटाळा खूप जणांचा होतो आणि तो लबाडीच असतो असं नाही.

काका लग्नाचे फोटो काढायचे. एका लग्नाला दीड-दोन हजार क्लिक धरले तर ६७,४१२ म्हणजे साधारण चाळीस लग्नं. दीड लाखांतले निम्मेही झालेले नाहीत. आमचा ग्रुप वर्षाला जेमतेम दहा हजार फोटो काढतो. म्हणजे आकडा वाईट नव्हता, फक्त नऊ हजारांच्या भावाचा नव्हता. एक मात्र लक्षात ठेवा, हा आकडा व्हिडिओचे तास मोजत नाही. कॅनन वापरणाऱ्यांनी हेही बघा की तिकडच्या बऱ्याच स्वस्त मॉडेलांमध्ये हा आकडा फोटोत नसतो, तो केबल लावून वेगळ्या सॉफ्टवेअरने काढावा लागतो.

रविवारी सकाळी कळमन्याला गेलो. मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला घर. मिरचीचा हंगाम, त्यामुळे दारात गाडी लावेपर्यंत आम्ही तिघंही शिंकून बेजार. आता धूळ कॅमेऱ्यात न जाईल तर काय होईल? पण खरी गोष्ट अशी की धूळ हा लहान प्रश्न आहे, मोठा प्रश्न फंगस म्हणजे बुरशी. नागपुरात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, इथे कसली आली बुरशी, असं मलाही वाटायचं. उत्तर काकांच्या खोलीत खिडकीत बसवलेलं होतं: डेझर्ट कूलर. मार्चपासून जूनपर्यंत तो खोलीत ओली हवा सोडतो, आणि तो बंद होतो तोवर पावसाळा हजर. हवेतला दमटपणा बरेच दिवस ६५-७० टक्क्यांच्या वर राहिला आणि लेन्स बंद बॅगेत अंधारात पडून असली की बुरशीला आणखी काही लागत नाही. काकांची कॅमेऱ्याची बॅग कूलरशेजारच्याच कपाटात होती.

तपासायची रीत सोपी आहे, पण एक पायरी लोक विसरतात. निकॉनच्या या प्रकारच्या लेन्सवर अ‍ॅपर्चरची रिंग नसते आणि लेन्स कॅमेऱ्यातून काढली की आतली पाती आपोआप मिटतात. तशीच बघितली तर मधल्या बारीक भोकातून काय कप्पाळ दिसणार? मागच्या बाजूला धातूची एक छोटी दांडी असते, ती बोटाने सरकवून धरली की पाती उघडतात. मग खोलीत अंधार करायचा, मोबाइलचा टॉर्च मागून थोडा तिरका मारायचा आणि पुढून बघायचं. टॉर्च अगदी सरळ मारला तर फक्त डोळे दिपतात. झूम १८ वर ठेवून एकदा आणि १४० वर नेऊन एकदा बघायचं, कारण आतल्या काचा झूमबरोबर पुढेमागे सरकतात.

धूळ दिसते ती सुट्या सुट्या ठिपक्यांसारखी. प्रत्येक जुन्या लेन्समध्ये दहावीस कण असतातच, आणि ते फोटोत येत नाहीत. बुरशी वेगळी दिसते. तिला फांद्या असतात, कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा झाडाच्या मुळांसारखे बारीक धागे, बहुतेक वेळा काचेच्या कडेपासून आत पसरत जाणारे. काकांच्या लेन्समध्ये १८ वर काहीच नव्हतं. १४० वर नेली आणि आतल्या एका काचेच्या कडेला नखाएवढं पांढुरकं जाळं दिसलं. मी मुकाट्याने लेन्स काकांच्या हातात दिली, दांडी कशी धरायची ते दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "मी तर काच पुसून पाहिली होती बाप्पा. आतून कोण पाहते?"

एवढ्याशा जाळ्याने रोजच्या फोटोत फरक पडत नाही. उजेड समोरून आला की पडतो, फोटो दुधाळ होतो, काळा रंग राखाडी वाटतो. आणि ती वाढते. साफ करायची तर लेन्स पूर्ण उघडावी लागते, आणि बुरशीने काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर पुसल्यावरही तिथे ओरखड्यासारखी खूण राहते. ती खूण आहे की नाही ते उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणजे लेन्स स्वस्तात घेणं हा जुगार होता. आमच्याकडे एका सीनियरने ग्रुपला दिलेली ३५ एमएमची लेन्स होतीच, त्यामुळे आम्ही फक्त बॉडीवर बोलायचं ठरवलं.

बॉडीत धूळ बघायची ती सेन्सरवर. आम्ही ती ३५ एमएम लावली, फोकस हाताने बिघडवला, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ २२, आणि पांढऱ्या भिंतीचा फोटो काढताना कॅमेरा मुद्दाम हलवला. हलवल्याने भिंतीवरचे डाग पुसट होतात, सेन्सरवरचे मात्र जागच्या जागी राहतात. एफ २२ का? धूळ बसते ती सेन्सरच्या थोडं पुढे असलेल्या काचेवर. भोक बारीक असलं की उजेड जवळजवळ सरळ रेषेत येतो आणि कणाची सावली ठळक पडते. एफ ४ ला उजेड चहूबाजूंनी येतो, सावली विरून जाते. म्हणून विकणाऱ्याने दाखवलेले एफ ४ चे लग्नाचे फोटो कितीही स्वच्छ दिसले तरी सेन्सरबद्दल त्यातून काही कळत नाही.

फोटोत सात डाग निघाले. काकांना विचारून मेनूतून `Lock mirror up for cleaning` लावलं, कॅमेरा तोंड खाली करून धरला आणि रबरी ब्लोअरने सात-आठ वेळा हवा मारली. (तोंडाने फुंकर मारू नका, थुंकी उडते.) दुसऱ्या फोटोत दोनच डाग उरले, तेही कोपऱ्यात. ब्लोअरने उडते ती धूळ. हलत नाही आणि कडा गोल, ठसठशीत दिसते ते बऱ्याचदा तेल असतं, त्याला ओली सफाई लागते. लक्षात ठेवा, फोटोत वर दिसणारा डाग सेन्सरवर खाली असतो.

राहिला बॉक्स. "फुल बॉक्स" म्हणजे नुसतं पिवळं खोकं नव्हे. खोक्यावरच्या स्टिकरचा नंबर, कॅमेऱ्याच्या बुडाचा नंबर आणि एक्झिफटूलने दाखवलेला नंबर, तिन्ही जुळले. हे जुळणं मला चार्जरपेक्षा महत्त्वाचं वाटतं, कारण चोरीच्या कॅमेऱ्याबरोबर सहसा खोकं येत नाही. बिल होतं, चार्जर कंपनीचाच होता. पट्टा नव्हता. बॅटरी मूळची होती, पण `Battery info` मध्ये तिचं वय ३ दाखवत होतं. तिथे ० म्हणजे नवी आणि ४ म्हणजे बदला. म्हणजे नव्या बॅटरीचा खर्च आमच्या अंगावर.

हे सगळं काकांसमोर कागदावर मांडलं. त्यांनी चहा ठेवायला सांगितला आणि बॉडी २३ हजारांना दिली. उरलेल्या पैशांत एक नवी बॅटरी, घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, सिलिका जेल आणि दमटपणा मोजायचं छोटं मीटर घेतलं. डब्यात काटा ४०-५० च्या मध्ये राहिला की झालं. जेलचा रंग बदलला की ते गरम करून वाळवतो, पण मेसच्या भांड्यात नाही, त्या रंगात विषारी रसायन असू शकतं. डबा आमच्या खोलीत कूलरच्या समोरच्या भिंतीला ठेवलाय. मागच्या आठवड्यात काकांचा फोन आला होता, तसाच डबा त्यांना हवा आहे, त्या लेन्ससाठी.