सोनं पहाटे का कोसळतं, आणि परत वर का येतं?

९ ऑगस्ट २०२१, सोमवार. शुक्रवारी साधारण १,७६३ डॉलर प्रति औंसवर बंद झालेलं सोनं आशियातल्या पहाटे काही मिनिटांत ४ टक्क्यांहून जास्त घसरलं आणि १,६८४ च्या आसपास जाऊन टेकलं. थोड्याच वेळात ते वर यायला लागलं, आणि दिवसअखेर १,७३० च्या जवळपास होतं. आपल्याकडचं एमसीएक्स उघडतं सकाळी ९ ला, म्हणजे हे सगळं त्याआधीच घडून गेलं.

एवढं काय झालं होतं? बातमी होती, पण ती शुक्रवारची: अमेरिकेत अपेक्षेपेक्षा जास्त नोकऱ्या वाढल्या, म्हणजे व्याजदर लवकर वाढतील, म्हणजे व्याज न देणारं सोनं कमी आकर्षक. त्या बातमीवर शुक्रवारीच भाव २ टक्क्यांच्या वर पडला होता. सोमवारी पहाटे नवीन काहीच नव्हतं. वेगळं होतं ते बाजारात हजर असलेल्या लोकांचं प्रमाण. जपान आणि सिंगापूर, दोन्हीकडे सुट्टी होती, आणि लंडन-न्यूयॉर्क झोपलेलं.

आता ऑर्डर बुक डोळ्यांसमोर आणा. कोमेक्सचा सोन्याचा एक वायदा १०० औंसांचा असतो आणि भाव १० सेंटच्या पायऱ्यांनी हलतो. प्रत्येक पायरीवर कोणीतरी 'या भावाला इतके वायदे घेईन' म्हणून उभं असतं. समजा (आकडे फक्त उदाहरणासाठी) गर्दीच्या वेळी प्रत्येक पायरीवर ५० वायद्यांची खरेदी लागलेली आहे. कोणी ५०० वायदे 'मिळेल त्या भावाला' विकले, तर १० पायऱ्या संपतात आणि भाव १ डॉलरने पडतो. पहाटे त्याच पायरीवर फक्त ५ वायदे असतील, तर १०० पायऱ्या संपतात. तोच विक्रेता, तेवढंच सोनं, पण घसरण १० डॉलरची.

गोष्ट इथे थांबत नाही. त्या १० डॉलरच्या खाली लोकांचे स्टॉप-लॉस लागलेले असतात, आणि ते बहुतेकदा १,७५० किंवा १,७०० अशा गोल आकड्यांच्या आसपास गोळा होतात. भाव तिथे पोहोचला की ते आपोआप विक्रीच्या ऑर्डर बनतात. समजा असे ३०० वायदे सुटले, तर आणखी ६० पायऱ्या, म्हणजे अजून ६ डॉलर. त्यातून पुढचे स्टॉप सुटतात. भाव असा पळायला लागला की मार्केट मेकरसुद्धा आपल्या खरेदीच्या ऑर्डर काढून घेतात, कारण समोरच्याला काही माहीत आहे की नुसतीच घाई आहे, हे त्यांना कळत नाही. म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच पायऱ्या आणखी रिकाम्या होतात.

मग भाव परत का येतो? कारण ही विक्री 'सोन्याची किंमत कमी झाली' असं सांगत नसते. ती सक्तीची असते. स्टॉप संपले की विकणारा उरत नाही. मार्केट मेकर परततात, आणि १,६९० ला सोनं स्वस्त वाटणारे खरेदीदार जागे होतात. संशोधनाच्या भाषेत, भावावरच्या परिणामाचे दोन भाग असतात: तरलतेमुळे झालेला तात्पुरता, जो भरून निघतो, आणि माहितीमुळे झालेला कायमचा, जो तसाच राहतो. २०२१ मध्ये निम्म्याहून जास्त घसरण त्याच दिवशी भरून निघाली, आणि शुक्रवारपर्यंत भाव १,७७५ च्या वर होता.

पण 'पडलं की परत येतंच' हा नियम नाही. २० जुलै २०१५ ची सकाळ बघा. तेव्हाही जपानला सुट्टी होती, शांघायमध्ये मोठी विक्री झाली आणि भाव ४ टक्क्यांच्या आसपास पडून ११०० च्या खाली गेला. त्याआधीच्या शुक्रवारी चीनने २००९ नंतर प्रथमच आपला सोन्याचा साठा जाहीर केला होता, आणि तो अपेक्षेपेक्षा बराच कमी निघाला होता. थोडी उसळी आली, पण त्याच आठवड्यात भाव आणखी खाली गेला. यंत्रणा तीच होती, पण खालचा मूड खरोखर बदललेला होता.

डेटावर काम करणार असाल तर फक्त एक मिनिटाच्या भावांवर थांबू नका. खरेदी-विक्रीतलं अंतर आणि प्रत्येक पायरीवरची खोली घसरणीच्या आधी, दरम्यान आणि नंतर बघा. अंतर एकदम रुंदावलं, खोली नाहीशी झाली आणि भावाबरोबर दोन्ही पूर्ववत झाली, तर तरलतेचा मामला असण्याची शक्यता जास्त. खोली परत आली पण भाव खालीच राहिला, तर बातमी शोधा.

आणि 'भाव तर परत आला, नुकसान कुठे झालं?' असं कोणी विचारलं, तर ज्याचा १,७०० चा स्टॉप १,६८८ ला विकला गेला, त्याचा हिशोब मांडून दाखवा. त्याचं सोनं परत आलं नाही.